एपीटीटीचे मिश्रण लगेच दुरुस्त झाले, तरी दोन तास का थांबायचे

प्रश्न: हडपसरच्या एका लहान लॅबमध्ये काम करतो. ७१ वर्षांचे गृहस्थ आहेत, अंगावर काळेनिळे डाग आहेत, पूर्वी कधी रक्तस्रावाचा त्रास नव्हता. पीटी नॉर्मल, एपीटीटी ७८ सेकंद. नॉर्मल प्लाझ्माचा ३० आणि एकास एक मिश्रणाचा ४१ सेकंद आला. याला दुरुस्त झाले म्हणायचे का? फॅक्टरची कमतरता लिहू की इनहिबिटर? डॉक्टर आज संध्याकाळीच रिपोर्ट मागत आहेत.

उत्तर:

आज संध्याकाळच्या रिपोर्टवर या दोहोंपैकी काहीही लिहू नका. तुमचे आकडे असे आहेत की ज्याला जे म्हणायचे आहे ते त्यातून काढता येते, आणि ते कसे हे आधी पाहून घेऊ.

मिश्रण दुरुस्त झाले की नाही, म्हणजे रुग्णाची लांबलेली गोठण्याची वेळ नॉर्मल प्लाझ्मा मिसळल्यावर नॉर्मलवर आली की नाही, हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये प्रामुख्याने दोन हिशोब वापरले जातात. पहिला रोझनर निर्देशांक. मिश्रणाच्या वेळेतून नॉर्मल प्लाझ्माची वेळ वजा करायची, आलेल्या संख्येला रुग्णाच्या वेळेने भागायचे आणि शंभराने गुणायचे. तुमच्या बाबतीत ४१ वजा ३० म्हणजे ११, भागिले ७८, म्हणजे सुमारे १४. साधारणपणे ११-१२ च्या खाली असेल तर दुरुस्त आणि १५ च्या वर असेल तर इनहिबिटर असे मानतात, म्हणजे तुमचा रुग्ण नेमका मधल्या धूसर पट्ट्यात आहे. दुसरा हिशोब टक्केवारीतील दुरुस्तीचा. रुग्णाची वेळ मिश्रणात किती खाली आली, ती किती खाली येऊ शकली असती त्याच्या तुलनेत. ७८ वजा ४१ म्हणजे ३७, आणि ७८ वजा ३० म्हणजे ४८, यांचे गुणोत्तर ७७ टक्के. एकास एक मिश्रणासाठी ७० टक्क्यांच्या वर दुरुस्ती मानतात, म्हणजे या हिशोबाने तुमचे मिश्रण दुरुस्त झाले आहे. एकच नमुना, तीच तीन मोजमापे, आणि दोन निष्कर्ष. कित्येक ठिकाणी तिसराही निकष चालतो, तो म्हणजे मिश्रणाची वेळ आपल्या संदर्भ मर्यादेत आली तर दुरुस्त, नाही तर नाही. तुमच्या मशीनवर वरची मर्यादा ३६ असेल, तर या निकषाने मिश्रण दुरुस्त झालेले नाही.

त्यामुळे यातील एक सूत्र निवडून प्रश्न मिटवता येणार नाही. शिवाय हे तिन्ही निकष तात्काळ मिश्रणाविषयी बोलतात, म्हणजे दोन प्लाझ्मा एकत्र केल्यावर काही मिनिटांतच केलेल्या चाचणीविषयी. उतारवयात, कोणताही पूर्वेतिहास नसताना, त्वचेखाली आणि स्नायूंत रक्तस्राव सुरू झालेल्या माणसात ज्या आजाराची सर्वांत जास्त धास्ती घ्यायला हवी, तो अर्जित हिमोफिलिया, म्हणजे शरीरानेच फॅक्टर आठविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करणे, तात्काळ मिश्रणात अनेकदा लपून बसतो.

तो का लपतो हे समजायला मिश्रणाच्या नळीत काय घडते ते पाहावे लागते. रुग्णात फॅक्टर आठ अगदी शून्य आहे असे धरा. त्यात तेवढाच नॉर्मल प्लाझ्मा घातला की मिश्रणात फॅक्टर आठ सुमारे ५० टक्के होतो. एपीटीटी आणि फॅक्टरची पातळी यांचे नाते सरळ रेषेचे नाही. पातळी शंभरावरून पन्नासावर उतरली तरी वेळ फारशी वाढत नाही, आणि बहुतेक रिएजंटमध्ये एखादा फॅक्टर ३० ते ४० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच एपीटीटी मर्यादा ओलांडतो. म्हणून निव्वळ कमतरता असेल तर अर्धा नॉर्मल प्लाझ्मा मिश्रणाला नॉर्मलच्या जवळ आणायला पुरतो. इनहिबिटर असेल तर तो नॉर्मल प्लाझ्मातून आलेल्या फॅक्टरलाही निकामी करतो किंवा, ल्युपस अँटिकोॲग्युलंट असेल तर, रिएजंटमधील फॉस्फोलिपिडलाच अडवतो, आणि वेळ लांबलेलीच राहते. पाठ्यपुस्तकातील ओळ इथे संपते, आणि अडचण इथेच सुरू होते, कारण सगळे इनहिबिटर सारख्या वेगाने काम करत नाहीत.

फॅक्टर आठविरुद्ध शरीराने स्वतःच तयार केलेली प्रतिद्रव्ये बहुधा संथ असतात. त्यांना फॅक्टरला पकडून निकामी करायला वेळ लागतो आणि शरीराइतके तापमान लागते. तात्काळ मिश्रण एकत्र होऊन मशीनवर चढेपर्यंत पाच मिनिटे गेली, त्यात रिएजंटसोबत सक्रिय होण्याची तीन ते पाच मिनिटे मिळवली, तरी एवढ्या अवधीत प्रतिद्रव्याने पन्नास टक्क्यांतील थोडाच भाग खाल्लेला असतो. मिश्रण जवळजवळ दुरुस्त दिसते, आणि तंत्रज्ञ 'कमतरता' लिहून मोकळा होतो. तोच नमुना ३७ अंशांवर दोन तास ठेवला की चित्र बदलते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातील ६७ वर्षांच्या एक आजी पुण्यातील एका रुग्णालयात दाखल झाल्या होत्या. डाव्या मांडीला मोठी ताठ सूज, दोन्ही हातांवर पसरलेले निळे डाग, हिमोग्लोबिन ७.४. घरच्यांच्या सांगण्यानुसार तीन बाळंतपणे आणि एक दाढ काढणे विनातक्रार पार पडले होते. पीटी नॉर्मल, थ्रॉम्बिन टाइम नॉर्मल, प्लेटलेट भरपूर, आणि एपीटीटी ८४ सेकंद. आमच्याकडे तात्काळ मिश्रण ३८ सेकंद आले, त्या दिवशीचा नॉर्मल प्लाझ्मा ३१ होता. हिशोब करून पाहा. रोझनर निर्देशांक ८ च्या आसपास, टक्केवारीतील दुरुस्ती ८७. दोन्ही सूत्रे एकमुखाने 'दुरुस्त' म्हणत होती, आणि शनिवारच्या दुपारी मी 'मिश्रणाने दुरुस्ती, फॅक्टर कमतरतेची शक्यता' असे लिहून सही केली. आजींना ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माच्या चार पिशव्या चढवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी एपीटीटी ८१ होता.

हा ८१ चा आकडा पाहून माझ्या लक्षात आले की नळीत मी जे दुरुस्त झाले म्हणत होते ते रुग्णाच्या शरीरात होत नव्हते. चार पिशव्या म्हणजे काही शरीरातला निम्मा प्लाझ्मा नव्हे हे खरे, पण निव्वळ कमतरता असती तर वेळ यापेक्षा ठळकपणे खाली यायला हवी होती. शिवाय सदुसष्ट वर्षे सुखरूप गेल्यावर जन्मजात कमतरता अचानक एवढ्या जोरात प्रकट होत नाही, हा विचार आदल्या दिवशीच यायला हवा होता. उरलेला प्लाझ्मा आम्ही गोठवून ठेवला होता, तो काढून इन्क्युबेशनसह पुन्हा मिश्रण केले.

ही पद्धत नीट सांगते, कारण तीत एक पायरी अशी आहे जी गाळली तर सगळी चाचणी निरर्थक होते. तीन स्वच्छ प्लॅस्टिकच्या नळ्या घ्या. एकीत फक्त रुग्णाचा प्लाझ्मा, दुसरीत फक्त नॉर्मल प्लाझ्मा, तिसरीत दोन्हींचे समसमान मिश्रण, उदाहरणार्थ प्रत्येकी ३०० मायक्रोलिटर. तिन्ही नळ्यांना घट्ट बूच लावा आणि ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये दोन तास ठेवा. दोन तास झाल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या नळीतून सारखा सारखा प्लाझ्मा घेऊन चौथ्या नळीत त्याच क्षणी मिश्रण तयार करा. आता तिसरी आणि चौथी नळी लागोपाठ मशीनवर लावा, आणि नॉर्मल प्लाझ्माची दुसरी नळीही लावा.

चौथी नळी म्हणजे या चाचणीचा कणा आहे. फॅक्टर आठ मुळातच नाजूक असतो. ३७ अंशांवर दोन तास ठेवलेल्या अगदी निरोगी प्लाझ्मातही तो काही प्रमाणात कमी होतो. नळी उघडी राहिली तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि फॅक्टर आणखी लवकर नासतो, बुचाचा आग्रह त्यासाठीच आहे. म्हणजे दोन तासांनी मिश्रणाची वेळ वाढली, तर ती इनहिबिटरमुळे वाढली की नुसत्या उष्णतेने, हे मिश्रणाकडे पाहून कळत नाही. चौथ्या नळीतील दोन्ही प्लाझ्मांनी तेवढीच उष्णता सोसलेली असते, पण ते एकमेकांच्या सहवासात राहिलेले नसतात. त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या नळीतील फरक हा केवळ सहवासाचा, म्हणजे प्रतिद्रव्याने दोन तासांत केलेल्या कामाचा, असतो. अनेक लॅबमध्ये इन्क्युबेशननंतरच्या मिश्रणाची तुलना थेट तात्काळ मिश्रणाशी करतात. माझ्या मते त्यात खोटा इनहिबिटर सापडण्याचा धोका उगाच पत्करला जातो.

आजींच्या नमुन्यात दोन तासांनी नॉर्मल प्लाझ्मा ३४ सेकंद आला, म्हणजे उष्णतेने तीन सेकंद वाढवले. चौथी नळी, वेगवेगळे ठेवून शेवटी मिसळलेली, ४२ सेकंद. आणि तिसरी नळी, जिच्यात दोन्ही प्लाझ्मा दोन तास एकत्र होते, ६१ सेकंद. एकोणीस सेकंदांचा हा फरक डोळ्यांना दिसणारा होता, त्याला कोणत्याही सूत्राची गरज नव्हती. आमच्याकडे तिसरी नळी चौथीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक लांबली तर काळावलंबी इनहिबिटरचा संशय नोंदवतात. ही मर्यादा मात्र दुसऱ्याची उसनी घेऊ नये. आपल्या रिएजंटवर आणि आपल्या मशीनवर वीसेक निरोगी नमुन्यांची अशीच मिश्रणे करून स्वतःची ठरवावी. रोझनरच्या मर्यादेलाही हेच लागू आहे. ज्या रिएजंटवर आणि ज्या मशीनवर ती काढली गेली, ते बदलले की आकडाही सरकतो.

आता तुमच्या नमुन्याकडे परत. इन्क्युबेशन लावण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या, नाहीतर दोन तास वाया जातील.

पहिली हेपारिन. थ्रॉम्बिन टाइम केला आहे का? तुम्ही लिहिलेले नाही. आयसीयूतील रुग्णांचे रक्त बहुधा लाइनमधून काढले जाते आणि लाइन हेपारिनने धुतलेली असते. हेपारिन मिश्रणात घातलेल्या नॉर्मल प्लाझ्मालाही अडवते, त्यामुळे ते हुबेहूब इनहिबिटरसारखे दिसते. थ्रॉम्बिन टाइम खूप लांबलेला आणि रेप्टिलेज टाइम नॉर्मल असे आढळले तर हेपारिनच समजा, आणि हाताच्या शिरेतून नवा नमुना मागवा. रेप्टिलेज नसेल तर नुसता लांबलेला थ्रॉम्बिन टाइमही पुन्हा नमुना मागवण्यास पुरेसे कारण आहे. वृद्ध रुग्णांच्या बाबतीत औषधांची यादी स्वतः विचारा. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दॅबिगॅट्रान किंवा रिव्हारोक्साबॅन चालू असेल, तर नातेवाइकांना ते 'रक्त पातळ करण्याची गोळी' एवढेच ठाऊक असते, आणि कधी कधी फॉर्मवर तेवढेही लिहिलेले नसते. दॅबिगॅट्रानने थ्रॉम्बिन टाइमही अतिशय लांबतो, रिव्हारोक्साबॅनने मात्र लांबत नाही, म्हणून तिथे नॉर्मल थ्रॉम्बिन टाइम पाहून निर्धास्त होऊ नये.

दुसरी गोष्ट नमुना. निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते, एका भागाला रक्ताचे नऊ भाग. ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर प्लाझ्मामध्ये सायट्रेट जास्त होते, चाचणीत घातलेले कॅल्शियम ते ओढून घेते, आणि एपीटीटी विनाकारण लांबतो. हिमॅटोक्रिट ५५ टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण भरलेल्या ट्यूबमध्येही हेच घडते. तुमच्या रुग्णात डाग आहेत आणि रक्तस्राव झालेला आहे, तेव्हा हा दुसरा प्रकार संभवत नाही. पण ट्यूब अर्धी भरली होती का, हे पाहायला विसरू नका. एप्रिल-मे महिन्यांत सासवड किंवा चाकणहून दुचाकीच्या डिकीतून येणारा नमुना किती तास आणि किती उन्हात होता याचीही चौकशी करा. नमुना काढल्यापासून चार तासांच्या आत एपीटीटी व्हायला हवा, आणि ते जमत नसेल तर प्लाझ्मा वेगळा करून गोठवून पाठवायला हवा. अख्खे रक्त फ्रीजमध्ये ठेवणे हा मात्र उपाय नाही, थंडीने फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर खाली येतात.

नॉर्मल प्लाझ्मा कुठला वापरता, हाही प्रश्न तुम्हाला विचारायला हवा, कारण लहान लॅबमधील अर्ध्या चुका तिथे होतात. एखाद्या कर्मचाऱ्याचा प्लाझ्मा घेऊन मिश्रण केलेले मी पाहिले आहे. त्याचा फॅक्टर आठ ६० टक्के असेल तर मिश्रणात जेमतेम ३० टक्के होईल आणि साध्या कमतरतेतही दुरुस्ती अपुरी दिसेल. किटसोबत येणारा नॉर्मल कंट्रोलही यासाठी नसतो. तो मशीनची अचूकता तपासण्यासाठी बनवलेला असतो, त्यात स्थिरता राखणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. मिश्रणासाठी किमान वीस निरोगी व्यक्तींचा एकत्र केलेला प्लाझ्मा हवा, त्यातील प्रत्येक फॅक्टर शंभर टक्क्यांच्या जवळपास हवा, आणि प्लेटलेट दर मायक्रोलिटरला १०,००० पेक्षा कमी हव्यात. स्वतः पूल तयार करणे शक्य नसेल तर यासाठीच बनवलेला गोठवलेला पूल्ड नॉर्मल प्लाझ्मा विकत घ्यावा. तो महाग पडतो हे मान्य आहे, पण त्याशिवाय मिश्रणाचा आकडा छापू नये.

प्लेटलेटची ही अट रुग्णाच्या प्लाझ्मालाही लागू आहे, आणि तिचे कारण ल्युपस अँटिकोॲग्युलंटमध्ये आहे. हे प्रतिद्रव्य रिएजंटमधील फॉस्फोलिपिडसाठी स्पर्धा करते. प्लाझ्मात प्लेटलेट उरल्या असतील तर गोठवून वितळवताना त्या फुटतात, त्यांचे फॉस्फोलिपिड बाहेर पडते आणि प्रतिद्रव्याला शोषून घेते. मिश्रण दुरुस्त होते आणि ल्युपस निसटतो. म्हणून दोनदा सेंट्रिफ्यूज करा, पहिल्या वेळी १५०० जी वर १५ मिनिटे, मग वरचा प्लाझ्मा प्लॅस्टिकच्या पिपेटने दुसऱ्या नळीत काढून पुन्हा तेवढेच. तळाचा थोडा प्लाझ्मा तिथेच सोडून द्यायचा. तो वाया जातो असे वाटते, पण प्लेटलेट त्यातच असतात.

ल्युपसचा विषय निघालाच आहे तर त्याचा आणि फॅक्टर आठच्या इनहिबिटरचा फरक सांगते, कारण दोन्हींत एपीटीटी लांबतो आणि दोन्हींना 'इनहिबिटर' असाच शिक्का बसतो, पण रुग्णाच्या दृष्टीने ती दोन विरुद्ध टोके आहेत. फॅक्टर आठच्या इनहिबिटरमध्ये रक्तस्राव होतो, ल्युपसमध्ये तो सहसा होत नाही, उलट गुठळीचा धोका असतो. ल्युपस बहुधा तात्काळ काम करतो. त्याचे तात्काळ मिश्रणच दुरुस्त होत नाही, आणि दोन तासांनी ते फारसे अधिक लांबतही नाही. फॅक्टर आठचा इनहिबिटर तात्काळ कमी आणि नंतर जास्त. हा नियम दोन्ही बाजूंनी मोडू शकतो: फॅक्टर आठचे जोरदार प्रतिद्रव्य तात्काळ मिश्रणही बिघडवते, आणि काही ल्युपस इन्क्युबेशनमध्ये वाढतात. दुर्बळ ल्युपस एकास एक मिश्रणात नॉर्मल प्लाझ्माने इतका पातळ होतो की दिसतच नाही, तिथे रुग्णाचे चार भाग आणि नॉर्मलचा एक भाग असे मिश्रण करून पाहावे लागते. म्हणून रुग्णाला रक्तस्राव आहे की नाही, या एका प्रश्नाला मी नळीतील कोणत्याही आकड्याइतके वजन देते. तुमच्या गृहस्थांच्या अंगावर डाग आहेत. नुसत्या ल्युपसने ते सहसा येत नाहीत.

उलट बाजूचे एक उदाहरण थोडक्यात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत एपीटीटी ११० सेकंद, मिश्रण तात्काळही आणि दोन तासांनीही पूर्ण दुरुस्त, रुग्णाला आयुष्यात कधी रक्तस्राव नाही. हे बहुधा फॅक्टर बाराच्या कमतरतेचे चित्र असते. ती केवळ काचेच्या नळीतील अडचण आहे, तिच्यासाठी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. असे रुग्ण आणि तुमचे गृहस्थ यांना एकाच 'फॅक्टर कमतरता' या ओळीखाली बसवले जाते, म्हणूनही ती ओळ मला पुरेशी वाटत नाही.

मिश्रणानंतरचे पाऊल म्हणजे प्रत्यक्ष फॅक्टर मोजणे. आजींच्या बाबतीत फॅक्टर नऊ, अकरा आणि बारा नॉर्मल होते, फॅक्टर आठ २ टक्के होता. एकच फॅक्टर एवढा खाली आणि बाकी शाबूत, हे विशिष्ट इनहिबिटरचे चित्र आहे. ल्युपसमध्ये एका टप्प्याच्या चाचणीवर आठ, नऊ, अकरा, बारा असे अनेक फॅक्टर एकदम कमी दिसू शकतात, आणि प्लाझ्मा जसजसा पातळ करावा तसतसे ते 'वाढत' जातात, कारण पातळ केल्याने प्रतिद्रव्यच हतबल होते. म्हणून फॅक्टरची मोजणी एकाच पातळीवर करून थांबू नये, किमान तीन पातळ द्रावणांवर करावी आणि उत्तरे समांतर येतात का ते पाहावे.

इनहिबिटर ठरल्यावर त्याची ताकद बेथेस्डा एककांत मोजतात. पद्धत १९७५ ची आहे, आणि नॉर्मल प्लाझ्माचा पीएच ७.४ वर बांधून ठेवणारी तिची नायमेखेन सुधारणा १९९५ ची. कल्पना वर सांगितलेल्या मिश्रणाचीच आहे: रुग्णाचा प्लाझ्मा आणि नॉर्मल प्लाझ्मा दोन तास ३७ अंशांवर एकत्र ठेवायचे आणि फॅक्टर आठ किती उरला ते मोजायचे. निम्मा उरला तर एक एकक. आजींच्या न पातळ केलेल्या प्लाझ्माने सगळाच फॅक्टर संपवला, म्हणून पातळ करत जावे लागले. सोळापट पातळ केल्यावर ५२ टक्के उरला. ते एका एककापेक्षा किंचित कमी, सुमारे ०.९४, त्याला सोळाने गुणून १५ एकके. इथे आठपट पातळ केलेल्या नळीचे उत्तर थोडे वेगळे आले, सुमारे १४, आणि तसे येणे अपेक्षितच असते. शरीराने स्वतः तयार केलेली ही प्रतिद्रव्ये सरळ रेषेत वागत नाहीत. पन्नास टक्क्यांच्या सर्वांत जवळचे उत्तर घ्यावे. हा आकडा रक्तस्राव किती गंभीर होईल हे सांगत नाही, हेही डॉक्टरांना सांगावे. कमी एककांचे रुग्णही मोठ्या प्रमाणात रक्तस्राव करतात.

आजींच्या मांडीतील सूज म्हणजे गाठ असावी, असे वाटून सुई घालून तपासण्याचा विचार सुरू होता. सोमवारी सकाळी मी वॉर्डात फोन केला तेव्हा निवासी डॉक्टर म्हणाले, "मॅडम, दुपारी घेतोय तिला." फॅक्टर आठचा अहवाल तोंडी सांगितल्यावर ते थांबले. अर्जित हिमोफिलियात सुई, छेद, अगदी स्नायूत दिलेले इंजेक्शनही नवा रक्तस्राव सुरू करू शकते. पुढचे उपचार, म्हणजे इनहिबिटरला वळसा घालून गोठण घडवणारी औषधे आणि प्रतिद्रव्य दाबणारी स्टेरॉइड, हे रक्तविकारतज्ज्ञांचे क्षेत्र आहे, त्यात मी शिरत नाही.

तुमच्याकडे फॅक्टर मोजण्याची सोय नसेल तर दोनदा सेंट्रिफ्यूज केलेला प्लाझ्मा अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरच्या तीन-चार नळ्यांमध्ये आजच गोठवून ठेवा, उणे ७० नसेल तर उणे २० वर, आणि शहरातील मोठ्या प्रयोगशाळेत कोरड्या बर्फात पाठवा. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून अलगद उलटीपालटी करावी. फ्रीजमध्ये सावकाश वितळू दिली तर फॅक्टर आठ गाळात बसतो, आणि मग कमतरता नसलेल्या माणसातही ती सापडते.

रिपोर्टवर आज एवढेच लिहा: एपीटीटी ७८ सेकंद, तात्काळ एकास एक मिश्रण ४१ सेकंद, नॉर्मल प्लाझ्मा ३० सेकंद, दुरुस्ती अनिर्णित, ३७ अंशांवरील दोन तासांचे मिश्रण आणि फॅक्टर आठ बाकी, इनहिबिटरची शक्यता वगळलेली नाही. आणि त्याखाली सही करण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा की स्नायूतील इंजेक्शन किंवा कसली सुई आज ठरली आहे का.